आपल्या बर्थवर दुसराच कोणी असेल तर

रात्री पाऊणच्या सुमाराला मनमाडला गाडी येते. मावशी आणि भाची नागपूरला निघाल्या आहेत. मावशींचे गुडघे दुखतात, म्हणून दोन महिने आधी आरक्षण करताना दोन्ही बर्थ खालचे मागितले आणि मिळालेही. डबा एस 5, बर्थ 33 आणि 36. सामान घेऊन दोघी आत शिरतात, मोबाइलच्या उजेडात आकडे शोधतात. 33 वर एक तरुण अंगावर चादर ओढून झोपलेला आहे आणि त्याच्या पायाशी दुसरा टेकून बसलेला. 36 वर एक गृहस्थ घोरत आहेत. गाडी सुटते.

आपल्यापैकी बहुतेकांवर हा प्रसंग कधी ना कधी आलेला असतो. अशा वेळी दोनच गोष्टी घडताना दिसतात. एकतर आवाज चढतो, नाहीतर माणूस मुकाट्याने बॅगेवर बसून रात्र काढतो. दोन्हींची गरज नसते. पण काय करायचे हे ठरवण्याआधी रेल्वेचा कायदा या बाबतीत नेमके काय म्हणतो ते पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

1989 च्या रेल्वे कायद्यातले कलम 155 याच प्रसंगासाठी आहे. दुसऱ्याच्या नावाने राखलेल्या बर्थवर किंवा सीटवर कोणी अनधिकृतपणे बसला असेल आणि अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याने सांगूनही तो उठत नसेल, तर कर्मचारी त्याला तिथून हटवू शकतो, त्यासाठी इतरांची मदत घेऊ शकतो, आणि त्या माणसाला पाचशे रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो. ज्या डब्यात आपले आरक्षणच नाही अशा डब्यात शिरून बसणाऱ्यालाही हेच कलम लागते.

यातले ‘कर्मचाऱ्याने सांगूनही’ हे शब्द नीट लक्षात घ्या. तुम्ही सांगितले आणि तो उठला नाही, तर तो चुकीचा वागतो आहे यात शंका नाही, पण या कलमाचा गुन्हा अजून पुरा झालेला नसतो. टीसीने सांगितले आणि तरी तो उठला नाही, की तो पुरा होतो. उठवण्याचा अधिकारही टीसीचा आहे, तुमचा नाही. म्हणून तुमचे काम समोरच्याला हरवण्याचे नाही. टीसी त्या बर्थपाशी येईल आणि तुमच्या देखत त्या माणसाला उठायला सांगेल, तिथपर्यंत गोष्ट नेणे एवढेच तुमचे काम. हे एकदा मनाशी पक्के झाले की अर्धा संताप तिथेच ओसरतो.

त्याआधी मात्र एक काम करायचेच. आपले स्वतःचे तिकीट पुन्हा वाचायचे. जागेवरून होणाऱ्या पुष्कळ भांडणांत कोणीच लबाड नसतो, एकाची वाचण्यात चूक झालेली असते, आणि ती आपलीही असू शकते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांचा. मावशींच्या तिकिटावर 15 तारीख आहे आणि गाडी 00:45 ची. म्हणजे 14 तारखेला जेवून घरातून निघायचे. 15 तारखेच्या रात्री जो स्टेशनवर पोचेल, त्याची गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते, आणि तो दुसऱ्याच्या बर्थसमोर उभा राहून आपल्या जुन्या तिकिटाच्या जोरावर तावातावाने भांडत असतो. दोघांकडे एकाच बर्थचे तिकीट निघाले, तर पहिल्यांदा तारीख आणि गाडी क्रमांक जुळवून पाहावा.

दुसरी शक्यता अशी, की चार्ट लागल्यावर तुमची जागाच बदलली असेल. तिकीट काढताना अपग्रेडचा पर्याय खुला ठेवला असेल, तर वरच्या वर्गात जागा शिल्लक असल्यास रेल्वे जादा पैसे न घेता तुम्हाला तिकडे हलवते. मग जुना बर्थ दुसऱ्याला दिलेला असतो आणि हातातल्या छापील तिकिटावर मात्र तो तसाच दिसतो. म्हणून घरातून निघताना, चार्ट तयार झाल्यानंतर, पीएनआर एकदा नव्याने तपासावा. तिथे जो डबा आणि जो आकडा दिसेल तो खरा. पूर्वी डब्याच्या दाराशी कागदी यादी चिकटवलेली असायची, तिच्यावर बोट ठेवून वाद मिटायचा. आरक्षित डब्यांवर ती चिकटवणे 2018 पासून बंद होत गेले. आता ती यादी टीसीच्या हातातल्या यंत्रात असते.

बर्थ क्रमांकावरून जागा ओळखण्याची रीतही माहीत असावी. स्लीपर आणि तीन टियर एसीच्या नेहमीच्या डब्यात आठ-आठ बर्थचे कप्पे असतात. आपल्या आकड्याला आठने भागा. बाकी 1 किंवा 4 उरली तर बर्थ खालचा, 2 किंवा 5 उरली तर मधला, 3 किंवा 6 उरली तर वरचा. 7 उरली तर बाजूचा खालचा, आणि पूर्ण भाग गेला तर बाजूचा वरचा. 33 ला भागले की 1 उरतो, 36 ला भागले की 4. म्हणजे दोन्ही एकाच कप्प्यातले, समोरासमोरचे खालचे बर्थ. हा हिशेब दोन टियरला किंवा नव्या इकॉनॉमी डब्याला लागू नाही, तिथली मांडणी वेगळी आहे.

तुमच्या आकड्याला भागून 7 उरत असतील आणि तिकिटावर आरएसी लिहिले असेल, तर तो बर्थ दोघांचा आहे. तिथे बसलेला दुसरा आरएसीवाला घुसखोर नाही, त्याचाही तेवढाच हक्क आहे. दिवसाच्या वेळेचेही तसेच. झोपण्याची वेळ रात्री 10 ते सकाळी 6 अशी ठरलेली आहे. बाकीच्या वेळात मधला बर्थ मिटवायचा असतो आणि मधल्या-वरच्या बर्थवाल्यांना खालच्या बाकावर बसता येते. आजारी, दिव्यांग किंवा गरोदर प्रवासी झोपून असेल तर इतरांनी समजून घ्यावे, असेही रेल्वेचे सांगणे आहे. म्हणून दुपारी चार वाजता ‘हा माझा लोअर बर्थ आहे, उठा’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याची बाजू लंगडी पडते.

आता मावशींकडे वळू. तारीख बरोबर, पीएनआर पाहिला, डबा एस 5 च आहे. भाची 36 वरच्या गृहस्थांना हलकेच उठवते. “काका, तुमचा बर्थ कोणता?” असे विचारते. ‘ही आमची जागा आहे, उठा’ असे म्हणत नाही, आणि हा फरक लहान नाही. प्रश्न विचारला की माणूस स्वतःचे तिकीट पाहतो. हुकूम केला की तो त्याच हुकमाला उत्तर देत बसतो. गृहस्थ चष्मा शोधतात, मोबाइल उघडतात. बर्थ 36 च, पण डबा एस 4. इगतपुरीला घाईत चढले, एक डबा चुकला. ते बिचारे ओशाळतात, पिशवी उचलतात आणि शेजारच्या डब्यात निघून जातात. एक बर्थ दोन मिनिटांत मोकळा झाला.

33 वरचा तरुण मात्र ऐकून घेत नाही. तिकीट दाखवत नाही. पायाशी बसलेला त्याचा मित्र म्हणतो, “ताई, भुसावळला उतरणार आहोत आम्ही, तोवर अॅडजस्ट करा ना.” मनमाडपासून भुसावळ म्हणजे अडीच तासांच्या आसपास, आणि तेही ऐन रात्रीचे.

इथे भाचीने हात लावायचा नाही, चादर ओढायची नाही, सामान खाली ढकलायचे नाही. हक्क आपला असला तरी धक्काबुक्की झाली की तक्रार दोन्ही बाजूंनी होऊ शकते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. गाडीची साखळीही ओढायची नाही. पुरेशा कारणाशिवाय साखळी ओढणे हा कलम 141 खाली गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. जागेच्या वादासाठी गाडी थांबवली, तर बर्थ अडवणारा राहील बाजूला आणि जाब आपल्याला द्यावा लागेल.

मग करायचे काय? मावशींना 36 वर बसवायचे. निदान एक बर्थ ताब्यात आहे, तो सोडायचा नाही. सामान तिथेच ठेवायचे, आणि भाचीने टीसीला शोधायला निघायचे.

टीसी सापडत नाही ही लोकांची तक्रार खरी आहे. एका टीसीकडे एकापेक्षा जास्त डबे असतात आणि रात्री तर त्याची धावपळ आणखी वाढते. तरी शोधायची एक पद्धत आहे. डबे आतून जोडलेले असतात, तेव्हा एसी डब्यांच्या दिशेने चालत जावे. तिथे प्रत्येक डब्याला सहसा एक अटेंडंट असतो आणि टीसी कुठे बसला आहे हे त्याला बहुधा माहीत असते. गाडी स्टेशनात थांबली की टीसी बहुतेकदा फलाटावर उतरतो. काळा कोट आणि नावाची पट्टी पाहून त्याला गाठावे. भेटल्यावर सगळी कथा सांगत बसू नये. “एस 5, बर्थ 33, माझे कन्फर्म तिकीट आहे, दोघेजण बसलेत, उठत नाहीत, तिकीट दाखवत नाहीत,” एवढे पुरते. पुढचे यंत्रात पाहून त्यालाच कळते.

टीसीला गाठण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. टीसी आपल्या यंत्रात कोण आला, कोण आला नाही याची नोंद करत जातो. तुम्ही तुमच्या बर्थवर नसाल, कंटाळून दुसऱ्या डब्यात ओळखीच्यांजवळ जाऊन बसला असाल, तर तो तुमच्या नावापुढे ‘आला नाही’ अशी खूण करू शकतो. मग तो बर्थ आरएसी किंवा वेटिंगवाल्याला दिला जातो, आणि हे नियमाला धरूनच असते. म्हणजे ज्या जागेसाठी तुम्ही मन मारून गप्प बसलात, ती आता कागदोपत्रीही दुसऱ्याची झाली. ज्या स्टेशनवरून चढायचे म्हणून तिकिटावर लिहिले आहे तिथेच चढा, आणि टीसीने नोंद करेपर्यंत बर्थच्या आसपास राहा. जागा बदलून द्यायला तुम्ही राजी झालात, कोणा आजारी माणसासाठी म्हणा किंवा लहान मुलाच्या आईसाठी, तरी ती अदलाबदल टीसीच्या कानावर घालूनच करा. अदलाबदल ही तुमची मर्जी आहे. नाही म्हटले म्हणून तुम्ही माणुसकी सोडली असे होत नाही.

भाची दोन डबे चालून येते, टीसी दिसत नाही. आता फोनची पाळी. रेल्वेचा मदत क्रमांक 139. सुरक्षेसाठीचा जुना 182 हा क्रमांकही 2021 मध्ये याच क्रमांकात सामावला. फोन लागल्यावर भाषा निवडायची आणि यादी ऐकून सुरक्षेचा पर्याय दाबायचा. तक्रार लिहून करायची असेल तर रेलमदद हे अॅप आहे, किंवा railmadad.indianrailways.gov.in या संकेतस्थळावर जायचे. तिथे मोबाइल क्रमांक, त्यावर आलेला ओटीपी आणि पीएनआर भरायचा, गाडीतली तक्रार हा पर्याय घ्यायचा आणि सुरक्षेच्या सदरात आरक्षित डब्यात अनधिकृत माणसे असल्याचा प्रकार निवडायचा. एक्सवर @RailwaySeva या खात्याला लिहिले तरी तक्रार पुढे पाठवली जाते, पण पीएनआर आणि मोबाइल क्रमांक तिथे सर्वांना दिसेल असा टाकू नये.

तक्रारीचा मजकूर कसा लिहावा हे सांगतो, कारण इथेच पुष्कळ तक्रारी वाया जातात. ‘फार वाईट अवस्था आहे, कोणी लक्ष देत नाही’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला काही करता येत नाही. भाचीने असे लिहावे:

“डबा एस 5, बर्थ 33. कन्फर्म तिकीट, मनमाडला चढलो. दोन माणसे बर्थ अडवून आहेत, तिकीट दाखवत नाहीत, उठत नाहीत. सोबत गुडघेदुखी असलेली ज्येष्ठ महिला. टीसी एस 4 आणि एस 3 मध्ये सापडला नाही. पुढचा थांबा चाळीसगाव.”

शेवटचे वाक्य सगळ्यात कामाचे. तक्रार नियंत्रण कक्षातून टीसीला जाते, आणि टीसी जवळ नसेल तर पुढच्या स्टेशनवरच्या रेल्वे सुरक्षा दलाच्या चौकीला कळवली जाते. धावत्या गाडीत कोणी उडी मारून येऊ शकत नाही. जे काही होईल ते पुढच्या थांब्यावर. थांबा कोणता आणि तो किती लांब आहे हे तुम्हाला माहीत असेल तर वाट पाहणेही सुसह्य होते. लहान स्टेशनवर चौकीच नसेल तर जंक्शनपर्यंत थांबावे लागते. जंगलात किंवा घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून स्टेशन सुटायच्या आत तक्रार टाकावी. टाकली की एक संदर्भ क्रमांक संदेशाने येतो. तो जपून ठेवायचा. बर्थचा आकडा दिसेल असा एखादा फोटो वेळेसह काढून ठेवावा. माणसांच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरला की भांडण पेटते, ते टाळावे.

समजा चाळीसगावला टीसी डब्यात येतो. तरुणांकडे जनरलचे तिकीट निघते. आता कलम 155 चा तो क्षण आला. टीसी उठायला सांगतो, आणि पुढच्या जंक्शनला रेल्वे पोलीस उभे असणार हे कळल्यावर बहुतेक लोक उठतात. विनाअधिकार स्लीपरमध्ये बसल्याबद्दल भाड्यातला फरक आणि वर दंड हा टीसीचा आणि त्यांचा हिशेब, तुम्ही त्यात पडायचे नाही. उठले नाहीतच, तर टीसी सुरक्षा दलाला बोलावतो.

बसलेल्यांकडे वेटिंगचे तिकीट असले तर? सगळी नावे वेटिंगवर राहिलेले ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होते. त्यावर बसलेला माणूस कायद्याने विनातिकीटच धरला जातो. खिडकीवर काढलेले वेटिंगचे तिकीट रद्द होत नाही, पण त्यावर स्लीपर किंवा एसी डब्यात बसता येत नाही. एकाच पीएनआरवर काही नावे कन्फर्म आणि काही वेटिंग असतील, तर वेटिंगवाल्याला डब्यात येता येते, तुमच्या बर्थवर मात्र त्याचा काडीचाही हक्क नाही. त्याने आपल्या माणसांच्या बर्थवर बसावे.

एक मर्यादा सांगून ठेवतो. बसलेली व्यक्ती एकटी बाई किंवा पुरुषाच्या सोबतीविना असलेले मूल असेल, तर तिकिटाचे पैसे भरले नाहीत म्हणून टीसी तिला रात्री कुठल्याही स्टेशनवर उतरवू शकत नाही. कलम 139 मध्ये तसा बंदोबस्त आहे, उतरवायचे तर दिवसा आणि मोठ्या ठिकाणीच. तेव्हा अशा वेळी टीसीने तिला तुमचा बर्थ मोकळा करायला लावून दाराजवळ किंवा दुसरीकडे बसू दिले, तर तो कर्तव्यात कसूर करतो आहे असे समजू नये. तुमचा हक्क बर्थवर आहे, तिच्या प्रवासावर नाही.

मुंबई-पुणे आणि मुंबई-नाशिक मार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांचा प्रकार निराळा असतो. तिथे एखादा माणूस नसतो, वर्षानुवर्षांचा गट असतो, ठरलेल्या जागा असतात. मासिक पासवाल्यांसाठी काही गाड्यांत वेगळे डबे ठेवलेले आहेत, त्या डब्यांबाहेर आरक्षित डब्यात पास चालत नाही. पण गटाशी एकट्याने वाद घालण्यात अर्थ नाही. गाडी सुटायच्या आधीच फलाटावर टीसीला गाठून सीट दाखवायला सोबत न्यावे. या प्रवासात थांबे जवळजवळ असतात आणि प्रवास तीन-चार तासांचा, तेव्हा नंतर तक्रार करून मदत पोचेपर्यंत उतरायची वेळ झालेली असते.

आणि शिवीगाळ, धमकी, हात उगारणे, बाईची छेड असे काही घडले, तर ते प्रकरण जागेचे राहत नाही. तो फौजदारी गुन्हा आहे आणि त्याचा तपास राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे जातो. गुन्हा नोंदवण्यासाठी प्रवास सोडून उतरण्याची सक्ती नाही. तक्रारीचा छापील नमुना टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मिळतो. तो भरून दिला की पुढच्या पोलीस ठाण्यात पोचवला जातो.

इतके करूनही रात्रभर कोणी आलेच नाही असेही होते. मग सकाळी रेलमददवर ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश येतो. तो पाहून अॅप बंद करू नका. अभिप्रायात ‘असमाधानी’ नोंदवा आणि काय झाले ते दोन वाक्यांत लिहा. बर्थ मिळालाच नाही आणि त्यामुळे खरोखर हाल झाले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. दक्षिण एक्सप्रेसने 2013 मध्ये दिल्लीला निघालेल्या एका प्रवाशाचा खालचा बर्थ वाटेत बीना स्टेशनला दुसऱ्याने बळकावला होता. ग्राहक मंचाने त्याला 75 हजार रुपये भरपाई द्यायला सांगितली, त्यातला तिसरा हिस्सा ड्युटीवर असायला हवा होता त्या तपासनिसाच्या पगारातून कापायचा आदेश दिला, आणि दिल्लीच्या राज्य आयोगानेही तो निकाल कायम ठेवला. म्हणून प्रवास संपला तरी तिकीट, तक्रारीचा संदर्भ क्रमांक आणि तो फोटो लगेच पुसून टाकू नका, निदान दोन वर्षे ठेवा.